मालक म्हणतात ‘जरा सौम्य करा’ आणि पान सुटायला दोन तास: पतसंस्थेच्या बातमीचं काय करायचं?

प्रश्न: जिल्हा दैनिकात बातमीदार आहे. एका पतसंस्थेचा लेखापरीक्षण अहवाल हाती लागलाय. संचालकांच्या नातेवाइकांना विनातारण कर्जं दिली, त्यातली बरीच थकली. बातमी डेस्कला दिली आणि साडेआठला मालकांचा फोन आला, “थांबवू नका, पण जरा सौम्य करा.” त्याच संस्थेच्या पाडव्याच्या ठेव योजनेची जाहिरात उद्या आमच्या पहिल्या पानावर आहे. पान साडेदहाला सुटतं. अशा वेळी अनुभवी माणसं काय करतात?

उत्तर:

जिल्हा आवृत्तीच्या डेस्कवर आणि पुढे आवृत्तीप्रमुख म्हणून असे फोन मी बरेच घेतले आहेत. तेवढ्या अनुभवावरून सांगतो, तुमची खरी अडचण मालकांचा दबाव ही नाही. ‘सौम्य करा’ या दोन शब्दांत काहीच ठरत नाही, ही आहे. त्यात शब्द बदलणं येतं, नाव काढणं येतं, बातमी आतल्या पानात ढकलणं येतं आणि एक दिवस थांबणंही येतं. या चारही गोष्टी सारख्या नाहीत. काही बदलांनी बातमी सुधारते, काही चालवून घेता येतात आणि एकदोन असे असतात की ते केले तर बातमी न छापलेलीच बरी. रात्री साडेआठला बातमीदार घाबरून स्वतःच अंदाज बांधतो आणि मालकांनी मागितलं नव्हतं तेही काढून टाकतो. बहुतेक बातम्या तिथेच मरतात, मालकांच्या हातून नव्हे.

म्हणून पहिलं काम, मालकांना परत फोन करा आणि बातमी वाचून दाखवा. तत्त्वाची चर्चा काढू नका, तेवढा वेळ नाही. एवढंच म्हणा, “साहेब, वाक्यं वाचतो, कुठलं खटकतं ते सांगा. काही चुकलं असेल तर आत्ता दुरुस्त करतो.” आणि त्यांचं म्हणणं लिहून घ्या. या एका फोनमध्ये बरंच उलगडतं. कधी कळतं की मालकांनी बातमी वाचलेलीच नाही, फक्त अध्यक्षांचा फोन आला होता. कधी त्यांना वकिलाची नोटीस येण्याची धास्ती असते. कधी जाहिरात असते, कधी सोयरीक. आणि कधी त्यांना खरंच अशी एखादी गोष्ट ठाऊक असते जी तुम्हाला माहीत नसते, उदाहरणार्थ दोन कर्जं गेल्याच आठवड्यात भरली गेली. ही शेवटची शक्यता गृहीत धरूनच फोन करा.

दुसरं, हा फोन झाला की लगेच वृत्तसंपादकांना सांगा. मालकांशी बोलणं हे संपादकाचं काम आहे आणि तुम्ही परस्पर काही कबूल केलंत तर ते काम त्यांना करताच येत नाही. सोबत कार्यालयाच्या मेलवर चार ओळी टाका: अमुक वाजता फोन आला, अमुक बदल सुचवले गेले, मी अमुक केले, अमुक केलेले नाहीत. यात धमकीचा सूर नको. पुढे कोर्टात किंवा प्रेस कौन्सिलसमोर विषय गेला तर कोणी काय ठरवलं याची ती एकमेव नोंद असते.

इथे एक गोष्ट तुमच्या पेपरवर अवलंबून आहे. शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात जी ओळ असते ती आज वाचा. मोठ्या दैनिकांत मालक वेगळे आणि बातम्यांच्या निवडीची कायदेशीर जबाबदारी असलेला संपादक वेगळा असतो. तिथे संपादक ठाम असेल तर तुमचं काम सोपं. बऱ्याच जिल्हा दैनिकांत मात्र ‘मालक, मुद्रक, प्रकाशक व संपादक’ ही चारही पदं एकाच नावापुढे असतात. तसं असेल तर बातमी छापायची की नाही हे ठरवायचा अधिकार त्यांचाच आहे, हे मान्य करून पुढे चला. 1867 चा जुना कायदा जाऊन 1 मार्च 2024 पासून नियतकालिक नोंदणीचा 2023 चा नवा कायदा लागू झाला, तरी खटला झाला तर संपादक आणि प्रकाशक समन्सवर येणार, हे बदललेलं नाही. मालकांची भीती निराधार नसते. वकिलाची फी तेच भरतात आणि तारखांना तेही उभे राहतात. त्यांना छापायला भाग पाडण्याचा हक्क तुम्हाला नाही. पण तुमच्या नावाने दिशाभूल करणारा मजकूर छापायला तुम्ही बांधलेले नाही. सगळी वाटाघाट या दोन टोकांच्या मध्ये होते.

आता मजकुराकडे. अशा बातम्यांचा इंट्रो साधारण असा लिहिला जातो. तुमचाही फार वेगळा नसावा:

“सर्वसामान्यांच्या घामाच्या पैशावर डल्ला मारत पतसंस्थेच्या संचालकांनी नातेवाइकांना कोट्यवधींची खिरापत वाटल्याचा धक्कादायक घोटाळा उघडकीस आला आहे.”

मालकांनी यातलं ‘घोटाळा’, ‘डल्ला’ आणि ‘खिरापत’ काढा म्हटलं तर आनंदाने काढा. त्यांनी म्हटलं नाही तरी काढा. तुमच्या हातात लेखापरीक्षण अहवाल आहे आणि त्यात यातला एकही शब्द नाही. सहकारातल्या प्रकरणाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 81 खाली लेखापरीक्षण होतं तेव्हा लेखापरीक्षक ‘शेरा’ किंवा ‘आक्षेप’ नोंदवतो. कलम 83 ची चौकशी झाली की ‘निष्कर्ष’ येतो. कलम 88 खाली संचालकांवर नुकसानीची ‘जबाबदारी निश्चित’ होते. फिर्याद दिली गेली तर ‘गुन्हा दाखल’ होतो आणि ‘अपहार’ हा शब्द तिथून पुढे, फिर्यादीच्या हवाल्याने, तुमच्या हाती येतो. प्रकरण ज्या पायरीवर आहे त्या पायरीचाच शब्द वापरायचा. वरच्या पायरीचा वापरलात तर बदनामीच्या दाव्यात तुमची बाजू लंगडी होते. खालच्या पायरीचा वापरलात, म्हणजे कलम 88 चा आदेश निघालेला असताना ‘अनियमिततेची चर्चा’ असं लिहिलंत, तर वाचकाची फसवणूक होते. ‘सौम्य करा’ या सूचनेला मी नेहमी ही फूटपट्टी लावतो आणि बहुतेक मालकांना ती पटते, कारण ती दोन्ही बाजूंना सारखी लागते.

तोच इंट्रो अहवालाला धरून लिहिला तर असा होतो (आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घाला):

“अमुक पतसंस्थेने संचालकांच्या सात नातेवाइकांना तारण न घेता 1 कोटी 86 लाख रुपयांची कर्जे दिल्याचा शेरा संस्थेच्या लेखापरीक्षकांनी नोंदवला आहे. यातील पाच कर्जे थकीत आहेत. अहवाल सहाय्यक निबंधक कार्यालयाकडे सादर झाला आहे.”

सूर खाली आला, पण माहिती वाढली. पहिल्या इंट्रोत किती कर्जं, किती रक्कम, कोण म्हणतं, यातलं काहीच नव्हतं. मालकांना हा इंट्रो वाचून दाखवा. अध्यक्षांना ते सांगू शकतात की भाषा बदलली, आणि ते खरंही असेल. तुमच्या बाजूने पाहिलं तर या तीन वाक्यांतल्या प्रत्येक दाव्याला कागदावर पान क्रमांक आहे. छापण्याआधी प्रिंटवर प्रत्येक वाक्यासमोर तो पान क्रमांक पेनाने लिहा. ज्या वाक्यासमोर काही लिहिता येत नाही ते वाक्य आज जाऊ द्या. याला वीस मिनिटं लागतात आणि ती त्या रात्रीची सर्वांत कामाची वीस मिनिटं असतात.

आता दुसऱ्या प्रकारचं सौम्य करणं, ज्याला मी ठाम नकार देतो. यात पहिला नंबर संस्थेचं नाव काढण्याचा. “शहरातील एका पतसंस्थेत” असं लिहा, असं हमखास सुचवलं जातं, आणि ते सगळ्यांना निरुपद्रवी वाटतं. पण तालुक्याच्या गावात पाचदहा पतसंस्था असतात. नाव नसलं की सकाळी सगळ्यांच्याच काउंटरवर लोक पावत्या घेऊन उभे राहतात. म्हणजे एका संस्थेला वाचवायला तुम्ही ज्यांचा काही संबंध नाही अशा बाकीच्यांवर संशय टाकलात. शिवाय कायद्यानेही फार काही साधत नाही. वर्णनावरून कोण ते ओळखू येत असेल तर नाव नसतानाही बदनामीची तक्रार होऊ शकते. मालकांना हे याच शब्दांत सांगा. बाकीच्या पतसंस्थाही त्यांच्या जाहिरातदार असतात, त्यामुळे ते लगेच लक्षात येतं.

दुसरा प्रकार म्हणजे वाक्यं धूसर करणं. “लेखापरीक्षकांनी नोंदवले आहे” याच्या जागी “असा आरोप होत आहे”, “अशी चर्चा आहे”, “सूत्रांकडून समजते”. हे मऊ वाटतं म्हणून मालकांना आणि कधी डेस्कलाही सुरक्षित वाटतं. प्रत्यक्षात याने तुम्ही पक्क्या कागदावरून उठून ऐकीव गोष्टीवर जाऊन बसता. दुसऱ्याचा आरोप आम्ही फक्त छापला, हा बचाव भारतीय कायद्यात फार चालत नाही. छापणाराही जबाबदार असतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये बदनामीला दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि त्याचा पहिलाच अपवाद असा की आरोप खरा असावा आणि तो प्रसिद्ध करणं सार्वजनिक हिताचं असावं. खरेपणा सिद्ध करायला ‘चर्चा’ उपयोगी पडत नाही, अहवालाचं पान पडतं. तेव्हा नोटिशीच्या भीतीने वाक्य धूसर करायला सांगणाऱ्या मालकांना हेच दाखवा की त्यांनी सुचवलेलं वाक्य जास्त धोक्याचं आहे. स्थगितीची भीती असेल तर तेही सांगा की मार्च 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बातम्यांवर सुनावणीआधीच सरधोपट मनाई हुकूम देऊ नयेत, असं कनिष्ठ न्यायालयांना स्पष्ट बजावलं आहे.

नातेवाइकांच्या नावांचं मात्र वेगळं. ते संस्थेचे पदाधिकारी नसतील तर त्यांची नावं आज नसली तरी चालतात. “अध्यक्षांचे मेहुणे”, “एका संचालकांच्या पत्नी” एवढ्याने वाचकाला हितसंबंध कळतो. मालकांनी इथे माघार मागितली तर द्या. ही माघार योग्यच आहे, कारण कर्ज घेणं हा त्या बाईंचा गुन्हा नाही, तारण न घेता देणं हा संस्थेचा दोष आहे.

मालकांचा सर्वांत वजनदार मुद्दा बहुधा हा असेल: “ठेवीदार घाबरतील, रांगा लागतील, संस्था बुडेल आणि पाप आपल्या माथी.” याला उडवून लावू नका. सहकारी बँकेतल्या ठेवीला 5 लाख रुपयांपर्यंत ठेव विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. पतसंस्थेत खरोखरच धावाधाव झाली तर आधी पोचलेल्याला पैसे मिळतात आणि गावाकडची म्हातारी पावती घेऊन नंतर येते तेव्हा काउंटर बंद असतो. म्हणून इथे बातमीत भर घालायची, वजाबाकी नाही. एकूण ठेवी किती, त्यात ही कर्जं किती, हे लिहा. समजा ठेवी 62 कोटींच्या आहेत, तर 1 कोटी 86 लाख म्हणजे 3 टक्के. पण तेवढ्यावर थांबलात तर तीही दिशाभूलच. बुडीत कर्जाचा फटका आधी संस्थेच्या स्वनिधीला बसतो. तो 4 कोटींचा असेल तर हीच रक्कम जवळपास निम्मी होते. दोन्ही आकडे शेजारी ठेवा. अहवालात संस्थेला अ, ब, क, ड यांपैकी कोणता वर्ग मिळालाय तेही द्या. आणि मुदत संपलेल्या ठेवी आज परत मिळतात का, हे दोन ठेवीदारांना फोन करून विचारा. मिळत असतील तर ते ठळक लिहा. मालकांच्या काळजीला हे प्रामाणिक उत्तर आहे.

बातमी दाबल्याने रांग टळत नाही, ती पुढे जाते आणि लांब होते. मुंबईच्या पीएमसी बँकेचं उदाहरण मालकांनाही आठवत असेल. एकाच बांधकाम समूहाला दिलेली प्रचंड कर्जं हजारो बनावट खात्यांआड दडवली होती. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले त्या दिवशी सामान्य ठेवीदाराला कळलं, आणि तेव्हा खात्यातून सुरुवातीला फक्त 1000 रुपये काढायची मुभा होती. आतल्यांना आधी कळतं आणि बाहेरच्यांना शेवटी, हे पतसंस्थांतही होतं. म्हणूनच अहवालात संचालक आणि त्यांच्या घरच्यांनी गेल्या काही महिन्यांत मुदतीआधी ठेवी मोडल्यात का, हे तपासा. तसं दिसलं तर तुमची बातमी बदलते आणि मालकांशी बोलण्याची दिशाही.

आता वेळेचा प्रश्न, कारण “उद्या लावू” ही मागणी मधूनच येणार. एक दिवस थांबणं दर वेळी वाईट नसतं. संस्थेची बाजू तुम्ही आधी विचारली होती का, यावर ते ठरतं. अहवाल तुमच्याकडे पंधरा दिवस होता आणि अध्यक्षांना पहिला फोन आज संध्याकाळी गेला असेल, तर थांबा असं म्हणणाऱ्या मालकांची बाजू माझ्या मते बरोबर आहे. आधी विचारलं असेल आणि उत्तर टाळलं गेलं असेल तर थांबण्याचं कारण उरत नाही. दोन्ही बाबतींत आत्ता, या मिनिटाला, अध्यक्ष आणि व्यवस्थापक दोघांच्याही मोबाइलवर लेखी प्रश्न पाठवा. मोघम “आपली प्रतिक्रिया हवी” असं नको. असं लिहा: “लेखापरीक्षण अहवालाच्या पान 14 वर सात कर्जे विनातारण दिल्याचा शेरा आहे. 1) हा शेरा आपल्याला मान्य आहे का? 2) यानंतर तारण घेतले असल्यास कोणते व कोणत्या तारखेला? 3) दोषदुरुस्ती अहवाल सादर केला का? बातमी उद्याच्या अंकात आहे. पावणेदहापर्यंत उत्तर दिल्यास पूर्ण छापू.” स्क्रीनशॉट ठेवा. उत्तर आलं तर ते तिसऱ्या परिच्छेदात घ्या, शेवटी नको. जागा कमी पडली की पान लावणारा शेपूट कापतो आणि नेमकी त्यांची बाजूच जाते. “तारण नंतर घेतलंय” असं उत्तर आलं तर गहाणखताची तारीख मागा. ती अहवालाच्या नंतरची असेल तर तसंच लिहा.

तुमच्या बाबतीत एक दिवस थांबण्यात मोठी अडचण आहे ती पाडव्याच्या योजनेची. उद्या सकाळी तुमच्याच पहिल्या पानावरची जाहिरात वाचून कोणीतरी निवृत्तीचे पैसे तिथे ठेवणार. इतर वेळी बातमी थांबवली की जैसे थे राहतं. इथे राहत नाही, कारण जाहिरात जाते आणि बातमी जात नाही. म्हणून मालकांकडे मागणी करायची असेल तर ही करा: बातमी आज जाणार नसेल तर जाहिरातही एक दिवस पुढे न्या. जाहिरात विभागाला हे रात्री नऊपर्यंत जमतं, संस्थेला पानाचं कारण सांगून दुसरी जाहिरात तिथे घेता येते. माझा अनुभव असा की जाहिरात रद्द करा म्हटलं की मालक चिडतात, पण बातमी थांबवून जाहिरात तेवढी जाऊ नये हे त्यांना पटतं, कारण उद्या योजना गोत्यात आली तर लोक पेपर हातात घेऊन त्यांच्याच केबिनमध्ये येतात. तालुक्याच्या वार्ताहरांना जाहिरातीवर कमिशन असतं. ही जाहिरात तुमच्यामार्फत आली असेल तर ते वृत्तसंपादकांना आजच सांगा आणि बातमीवर सहकाऱ्याची नजर फिरवून घ्या. नाहीतर पहिला आक्षेप तुमच्यावरच येईल.

जागेबाबत मी सोडून देतो. पहिल्या पानावरून पाचव्या पानावर, चार कॉलमवरून दोन कॉलमवर, फोटोशिवाय, चालेल. ज्याच्या ठेवी तिथे आहेत तो पाचव्या पानावरही बातमी शोधून वाचतो आणि दुपारपर्यंत ती व्हॉट्सअ‍ॅपवर गावभर फिरते. जागा सोडून नाव, रक्कम आणि लेखापरीक्षकांचा हवाला या तीन गोष्टी राखता येत असतील तर तो सौदा घ्या.

“कागद पाठव, बघू दे,” असंही मालक म्हणतील. बघण्याचा त्यांना हक्क आहे, पण पाठवताना जपून. झेरॉक्सच्या कोपऱ्यावरचा आवक शिक्का, समासातल्या पेनाच्या खुणा, पंचिंगची जागा, एखाद्या पानावर तिरका आलेला फोटो, एवढ्यावरून निबंधक कार्यालयात किंवा संस्थेत कोणाच्या फायलीतून तो गेला हे ओळखता येतं. मजकुराचं पान टाइप करून किंवा खुणा झाकून दाखवा. “कोणी दिला?” याचं उत्तर वृत्तसंपादकांपलीकडे देऊ नका. मालक वाईट असतात म्हणून नव्हे, अध्यक्ष त्यांना पुन्हा फोन करणार आहेत म्हणून. प्रेस कौन्सिल कायद्याच्या कलम 15(2) मध्ये सूत्राचं नाव सांगायची सक्ती नाही असं आहे, पण ते कौन्सिलसमोरच्या कामकाजापुरतं. कोर्टात तसं सरसकट संरक्षण नाही. शक्य असेल तर कायमचा उपाय हा की एखाद्या सभासदाला कलम 32 खाली संस्थेकडून हिशेबाची कागदपत्रं रीतसर मागायला सांगायचं. मग तुमचा सगळा भार एका गुप्त झेरॉक्सवर राहत नाही.

सगळं करूनही सव्वादहाला निरोप आला, “नाव काढून लावा,” तर मी काय करतो ते स्पष्ट सांगतो. बातमी मागे घेतो. वृत्तसंपादकांना म्हणतो, “नावाशिवाय लावू नका, आज थांबवू. संस्थेच्या उत्तरासकट उद्या पुन्हा देतो.” आणि तसं मेलवर टाकतो. यावर तरुण सहकारी नाराज होतात. त्यांना वाटतं काहीतरी छापून आलेलं बरं. माझं मत उलट आहे. न छापलेली बातमी उद्या, परवा, दुसऱ्या कागदासह छापता येते. “एका पतसंस्थेत किरकोळ त्रुटी” असं छापून आलं की डेस्कच्या दृष्टीने विषय झालेला असतो, दुसरे पेपरही हात लावत नाहीत आणि संस्था तेच कात्रण ठेवीदारांना दाखवते: बघा, पेपरातही किरकोळच आलंय. वृत्तसंपादकांनी तरीही ती लावायची ठरवली तर बायलाइन काढायला सांगा. तेवढा हक्क तुमचा आहे आणि तो मागायला कोणी हरकत घेत नाही.

त्याच रात्री बातमी दुसऱ्या पेपरातल्या मित्राला देऊन टाकायची पद्धत आपल्याकडे आहे. मी ती करत नाही आणि तुम्हीही करू नका. बातमी फुटली की मालक आधी तुमच्याकडे बघतात, अध्यक्ष तुमच्या सूत्राकडे, आणि तो कारकून तुमच्याइतका सुरक्षित नसतो. ज्याने तुम्हाला कागद दिला तो स्वतः दुसरीकडे जाऊ शकतो. तो निर्णय त्याचा.

बातमी जाणार असेल तर घरी जाऊ नका. पान लागलं की पीडीएफ मागा आणि हेडिंग वाचा. मजकूर जपून लिहिलेला असतो आणि सव्वादहाला कोणीतरी जागेत बसावं म्हणून “पतसंस्थेत घोटाळा” असं हेडिंग टाकतो, किंवा उलट “पतसंस्थेबाबत अफवा” असं. दोन्ही पाहिली आहेत. दावा झाला तर वकील हेडिंगपासूनच सुरुवात करतो. वेबसाइटवरची प्रतही बघा. पहिली, ‘डल्ला’वाली कॉपी बऱ्याचदा तिथे आधीच चढलेली असते.

परवा-तेरवा संस्थेचा खुलासा येईल, बहुधा लेटरहेडवर आणि जाहिरात विभागामार्फत. तो बातमी विभागाकडे वळवून घ्या. छापायलाच हवा, बातमी जिथे आली त्याच पानावर. पण खुलाशात “सर्व कर्जे सुरक्षित आहेत” असं असेल आणि तारणाचा एकही तपशील नसेल, तर खाली दोन ओळींची टीप द्या: लेखापरीक्षण अहवालाच्या पान 14 वर शेरा कायम आहे, तारणाचे तपशील संस्थेकडे मागितले आहेत. आणि सहाय्यक निबंधकांना त्याच दिवशी विचारा, दोषदुरुस्ती अहवाल आला का. पुढची बातमी त्या उत्तरातून निघेल.